जाहिरातीचा पहिला एक्सपोर्ट: कोणते रकाने ठेवावेत, कोणते सोडावेत आणि कोणाची नावे बदलावीत

दादरमध्ये घरगुती फराळ विकणाऱ्या एका व्यावसायिकेने दिवाळीआधीच्या एका आठवड्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर तीन कॅम्पेन चालवल्या आहेत, असे समजू. पहिली कॅम्पेन लोकांनी व्हॉट्सॲपवर संदेश पाठवावा यासाठी होती, दुसरी वेबसाइटवरून थेट खरेदी व्हावी यासाठी, आणि तिसरी केवळ नाव जास्तीत जास्त लोकांच्या डोळ्यांखालून जावे यासाठी. आठवडा संपल्यावर ‘पैसे कुठे गेले आणि त्यातून काय आले’ हे तिला एका पानावर हवे आहे, आणि हे काम तुमच्याकडे आले आहे. तुम्ही मेटाच्या ॲड्स मॅनेजरमधून फाइल उतरवून घेता, उघडता, आणि समोर वीस-पंचवीस रकाने उभे राहतात. या लेखात आपण त्याच फाइलमधून फिरणार आहोत. उदाहरणातले आकडे हिशेब सोपा जावा म्हणून मी ठरवून घेतले आहेत. रकान्यांची नावे मात्र इंग्रजी भाषेत ठेवलेल्या ॲड्स मॅनेजरमध्ये दिसतात तशीच दिली आहेत.

रकान्यांची नावे पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक रकान्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारावा: या रकान्यातल्या आकड्यांची बेरीज करता येते का? काही आकडे सरळ मोजलेले असतात आणि त्यांची बेरीज होते. काही आकडे वेगवेगळ्या माणसांची संख्या सांगतात, आणि तीच माणसे दोन ओळींत असू शकत असल्याने त्यांची बेरीज होत नाही. काही आकडे भागाकाराने आलेले असतात. त्यांची बेरीजही करू नये आणि सरासरीही काढू नये. उरलेला मजकूर म्हणजे निव्वळ माहिती. एवढे एकदा ध्यानात आले की काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे बहुतेक वेळा आपोआप ठरते.

उतरवण्याआधी आणि उघडताना

ॲड्स मॅनेजरमध्ये आधी तारखांचा कालावधी निवडावा, मग आपण कॅम्पेन, तिच्यातला ॲड सेट की त्यातली ॲड यांपैकी कोणत्या पातळीवर आहोत ते पाहावे आणि त्यानंतरच टेबल एक्सपोर्ट करावे. पहिल्या खेपेला कॅम्पेनची पातळी पुरेशी आहे. अनेक नवखे लोक नकळत ॲडच्या पातळीवर असताना फाइल उतरवतात, तीन ओळींच्या जागी चाळीस ओळी पाहून गोंधळतात आणि मग हाताने बेरजा करत बसतात. त्या बेरजांमधली एक तरी चुकीची असते. कोणती, ते पुढे येईलच.

फाइल `.csv` स्वरूपात घेतली आणि एक्सेलमध्ये नुसती दोनदा क्लिक करून उघडली, तर देवनागरीतली कॅम्पेनची नावे विस्कटू शकतात. आपल्याकडे हा प्रसंग हमखास येतो, कारण आपण कॅम्पेनला ‘फराळ’ असे नाव देतो आणि उघडल्यावर ते असे दिसते:

```
à¤«à¤°à¤¾à¤³
```

फाइल बिघडलेली नसते. तिच्यातली अक्षरे युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेली असतात आणि एक्सेल ती दुसऱ्याच पद्धतीने वाचत असते. ‘à¤’ ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली की कारण हेच आहे, असे समजावे. फाइल तशीच जतन करू नये, कारण त्यानंतर मूळ अक्षरे परत मिळवणे अवघड होते. ती बंद करून एक्सेलच्या `Data` या टॅबमधून `From Text/CSV` हा पर्याय घ्यावा आणि `65001: Unicode (UTF-8)` निवडावे. गूगल शीट्समध्ये फाइल इम्पोर्ट केली तर ही अडचण सहसा येत नाही.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट सांभाळावी. तुम्ही `Campaign ID` हा रकाना घेतला असेल, तर त्यात सतरा-अठरा अंकी क्रमांक असतो. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते. पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात आणि दिसताना क्रमांक `1.2E+17` असा काहीतरी दिसतो. त्यामुळे इम्पोर्ट करतानाच त्या रकान्याचा प्रकार मजकूर, म्हणजे `Text`, असा ठेवावा. तीन कॅम्पेनच्या पहिल्या अहवालात या क्रमांकाची गरज नसते. पण पुढे कोणी कॅम्पेनचे नाव मध्येच बदलले, तर जुन्या आणि नव्या फाइलींमधल्या ओळी जुळवायला तोच एक खात्रीचा धागा उरतो. म्हणून मी तो मूळ शीटमध्ये ठेवतो आणि अहवालात आणत नाही.

मूळ शीट हा शब्द मी मुद्दाम वापरला. उतरवलेली फाइल जशीच्या तशी एका शीटवर राहू द्यावी, तिला ‘मूळ’ असे नाव द्यावे आणि शेजारी दुसरी शीट ‘स्वच्छ’ या नावाने करावी. रकाने गाळणे, नावे बदलणे, सूत्रे लिहिणे हे सारे दुसऱ्या शीटवर करावे. मूळ शीटवरचा रकाना पुसला आणि आठवड्याने कोणी त्याबद्दल विचारले, तर पुन्हा उतरवलेल्या फाइलीत आकडे किंचित बदललेले असू शकतात.

ज्यांची बेरीज होते ते रकाने

पहिला आणि सर्वांत भरवशाचा रकाना खर्चाचा आहे: `Amount spent (INR)`. कंसातले चलन हे जाहिरात खात्याचे चलन असते. ते रुपयांऐवजी दुसरे काही दिसले तर तिथेच थांबून चौकशी करावी. आपल्या उदाहरणात व्हॉट्सॲपच्या कॅम्पेनवर ४,२०० रुपये, वेबसाइटच्या कॅम्पेनवर ६,३०० रुपये आणि ओळखीच्या कॅम्पेनवर १,५०० रुपये खर्च झाले. एकूण १२,००० रुपये.

हा रकाना ठेवावाच, पण त्याचे नाव मात्र बदलावे, कारण या रकमेत जीएसटी धरलेला नसतो. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के कर वेगळा लागतो. म्हणजे १२,००० रुपयांवर २,१६० रुपये, आणि एकूण १४,१६०. फराळवाल्या ताई आपल्या बँकेच्या नोंदींशी तुमचा अहवाल ताडून पाहतील तेव्हा हा फरक पहिल्यांदा त्यांच्या नजरेत भरेल, आणि नाव नुसते ‘खर्च’ असेल तर चूक तुमची आहे असेच त्यांना वाटेल. म्हणून मी या रकान्याला ‘खर्च_रु_करपूर्व’ असे नाव देतो. नाव थोडे अवघडलेले वाटते खरे, पण एकाच शब्दात परिमाण आणि मर्यादा दोन्ही येतात.

दुसरा रकाना `Impressions`. जाहिरात किती वेळा पडद्यावर आली, त्याची ही मोजणी आहे. एकाच माणसाला चार वेळा दिसली तर चार. त्यामुळे ओळींची आणि दिवसांची बेरीज बिनधास्त करता येते. आपल्याकडे अनुक्रमे ६०,०००, ४२,००० आणि ५०,००० आहेत, एकूण १,५२,०००. याचे मराठी नाव मी ‘इम्प्रेशन्स’ असेच ठेवतो, कारण ग्राहक, डिझायनर आणि हिशेबनीस तिघेही हाच शब्द वापरतात. नाव बदलणे म्हणजे भाषांतर करणे नव्हे. ज्या नावामुळे वाचणाऱ्याचा गैरसमज होईल तेवढेच बदलायचे.

तिसरा रकाना `Link clicks`, आणि इथे फाइलमध्ये त्याचा एक जुळा भाऊ असतो: `Clicks (all)`. हे दोन्ही एकसारखे वाटतात, पण त्यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या रकान्यात लाइक, कमेंट, शेअर, ‘आणखी वाचा’वर केलेला स्पर्श, पेजच्या नावावर दाबणे हे सगळे धरलेले असते. आपल्या व्हॉट्सॲप कॅम्पेनमध्ये लिंक क्लिक ६०० आहेत आणि सगळे मिळून १,५००. चकल्यांचा फोटो चांगला निघाला, लोकांनी तो आवडल्याची खूण केली. हे चांगलेच आहे, पण त्यांतल्या नऊशे स्पर्शांनी कोणीही व्हॉट्सॲपपर्यंत पोहोचले नाही. ४,२०० रुपयांना १,५०० ने भागले तर एका क्लिकला २ रुपये ८० पैसे पडले असे दिसते. ६०० ने भागले तर ७ रुपये. पहिला आकडा पाहायला गोड आहे, म्हणूनच तो अहवालात जाण्याचा धोका जास्त. `Clicks (all)` आणि त्याच्यावरून निघालेले, एका क्लिकचा भाव सांगणारा `CPC (all)` आणि इम्प्रेशन्सच्या तुलनेत क्लिकचे प्रमाण सांगणारा `CTR (all)`, हे तिन्ही रकाने ‘स्वच्छ’ शीटवर आणूच नयेत. `Link clicks` ठेवावा आणि त्याचे नाव ‘लिंक_क्लिक’ असे पूर्ण लिहावे, नुसते ‘क्लिक’ नव्हे.

वेबसाइटच्या कॅम्पेनसाठी `Landing page views` हा रकानाही घ्यावा. लिंकवर दाबल्यानंतर पान खरोखर उघडले अशा वेळा त्यात मोजलेल्या असतात; त्यासाठी अशा नोंदी मेटाला कळवणारा छोटा कोड, म्हणजे मेटाचा पिक्सेल, वेबसाइटवर बसवलेला असावा लागतो. उदाहरणात लिंक क्लिक ४२० आणि पान उघडल्याच्या नोंदी ३०० आहेत. म्हणजे १२० वेळा माणूस दारापर्यंत आला आणि आत शिरला नाही. हे अंतर सहसा शून्य नसते, कारण चुकून लागलेले बोटही क्लिकमध्येच धरले जाते आणि लोकलच्या डब्यात नेटवर्क गेले की पान अर्धेच उघडते. तरीही अंतर एकदम वाढले तर जाहिरातीला दोष देण्याआधी ते पान स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून, उघडून पाहावे. बहुधा फराळाचे जड फोटो हेच कारण निघते. व्हॉट्सॲपच्या कॅम्पेनमध्ये हा रकाना रिकामा असेल. तिथे पानच नाही, त्यामुळे ते योग्यच आहे.

निकालाचा रकाना, जो एकटा कधीच ठेवू नये

`Results` हा फाइलमधला सर्वांत फसवा रकाना आहे. त्याचे शीर्षक एकच असते, पण प्रत्येक ओळीत तो वेगळीच गोष्ट मोजतो, कारण कॅम्पेन ज्या उद्देशासाठी चालवली तोच तिचा ‘निकाल’ ठरतो. आपल्या तीन ओळींत तो १४०, १८ आणि ३०,००० असा आहे. पहिला आकडा सुरू झालेल्या संभाषणांचा, दुसरा खरेदींचा आणि तिसरा जाहिरात पोहोचलेल्या माणसांचा. यांची बेरीज ३०,१५८ येते, एक्सेल ती विनातक्रार करते आणि त्या संख्येला काहीही अर्थ नसतो.

याच्या शेजारी `Result indicator` नावाचा रकाना येतो. पाहताक्षणी तो यंत्राचा अंतर्गत मजकूर वाटतो आणि नवखा माणूस तो सर्वांत आधी पुसतो. मी मात्र तो सर्वांत आधी ठेवायला सांगतो, कारण शेजारचा आकडा कशाचा आहे हे फक्त तोच सांगतो. आपल्या तीन ओळींत तो असा असेल:

```
actions:onsite_conversion.messaging_conversation_started_7d
actions:offsite_conversion.fb_pixel_purchase
reach
```

‘स्वच्छ’ शीटवर या रकान्याला ‘निकालाचा_प्रकार’ असे नाव द्यावे आणि आतला मजकूरही बदलून ‘व्हॉट्सॲप संभाषण’, ‘वेबसाइट खरेदी’, ‘रीच’ असे सरळ शब्द लिहावेत. पहिल्या ओळीतल्या `7d` कडे मात्र लक्ष द्यावे. ज्या माणसाचे दुकानाशी गेले सात दिवस बोलणे झालेले नाही त्याने नव्याने संदेश पाठवला, तेव्हाच इथे एक संभाषण मोजले जाते. म्हणून फोनवर दिसणाऱ्या एकूण संदेशांशी १४० हा आकडा जुळणार नाही आणि तो जुळवण्याचा खटाटोप करू नये. आणखी एक बारीक गोष्ट: ज्या ओळीत निकाल आलाच नाही तिथे अनेकदा शून्याऐवजी रिकामी चौकट असते. सरासरी काढणारे सूत्र रिकामी चौकट वगळून पुढे जाते, त्यामुळे आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो.

`Cost per results` हा रकाना प्रत्येक ओळीपुरता खरा आहे: ४,२०० भागिले १४० म्हणजे एका संभाषणाला ३० रुपये, आणि ६,३०० भागिले १८ म्हणजे एका खरेदीला ३५० रुपये. तिसऱ्या ओळीत मात्र ५० रुपये दिसतील, आणि ते एका माणसामागे नसून दर हजार माणसांमागे आहेत. १,५०० रुपयांत ३०,००० माणसे, म्हणजे हजारी ५०. रीचच्या कॅम्पेनमध्ये मेटा हा भाव हजाराच्या हिशेबाने देते आणि तो बाकीच्या दोन भावांच्या खाली, त्याच रकान्यात, निमूटपणे बसतो. तीस, साडेतीनशे आणि पन्नास एका रांगेत पाहून कोणी ‘पन्नासवाली स्वस्त आहे’ असे म्हणाले तर दोष त्याचा नाही, ती रांग तशीच ठेवणाऱ्याचा आहे.

खरेदीच्या ओळीसाठी `Attribution setting` हाही रकाना जपावा. त्यात बहुधा `7-day click or 1-day view` असे लिहिलेले असते. याचा अर्थ असा की जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत झालेली, किंवा जाहिरात नुसती दिसल्यापासून एका दिवसात झालेली खरेदी मेटा त्या जाहिरातीच्या नावे लावते. ताईंच्या ऑर्डरच्या वहीत जाहिरातीमुळे आलेल्या पंधराच ऑर्डर असतील आणि फाइलमध्ये अठरा, तर बाकीच्या तीन खोट्या आहेत असे म्हणता येत नाही. ज्याने जाहिरात पाहिली, क्लिक केले नाही आणि संध्याकाळी स्वतःहून वेबसाइटवर येऊन चिवडा मागवला, तो मेटाच्या मोजणीत आहे आणि ताईंच्या नाही. मी हा रकाना अहवालाच्या टेबलात न ठेवता टेबलाखाली एका वाक्यात लिहितो आणि सगळ्या कॅम्पेन खरेदीच्याच असतील तर `Results` या रकान्याचे नाव ‘खरेदी_मेटानुसार’ असे करतो. त्या ‘मेटानुसार’मुळे पुढचा बराच वाद टळतो.

रीच: ठेवावा, पण बेरजेपासून दूर

माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक याच रकान्यात झाली, म्हणून इथे थोडे थांबतो. कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी मुलुंडच्या एका मिठाईच्या दुकानासाठी, स्टेशनभोवतीच्या तीन किलोमीटरच्या वर्तुळात, आम्ही महिनाभर जाहिरात चालवली होती. मी फाइल दिवसवार फोडून उतरवली, रीचच्या तीस ओळींची बेरीज केली आणि अहवालात ‘नऊ लाख लोकांपर्यंत पोहोचलो’ असे लिहिले. दुकानाच्या मालकांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ धरला, दोनदा वाचला आणि शांतपणे विचारले, “अहो, आपल्या स्टेशनाभोवती एवढी माणसं राहतात तरी का?” मला उत्तर देता आले नाही. त्यांना जाहिरातीतले काही कळत नव्हते, पण आपला परिसर त्यांना ठाऊक होता, आणि तेवढ्यावर माझा आकडा कोसळला.

रीच म्हणजे जाहिरात किमान एकदा पाहिलेल्या वेगवेगळ्या माणसांचा अंदाज. सोमवारी पाहणारा माणूस मंगळवारीही पाहतो. सोमवारच्या ओळीत तो एक असतो, मंगळवारच्याही ओळीत एक असतो, पण दोन दिवसांत मिळूनही तो एकच असतो. फराळाच्या व्हॉट्सॲप कॅम्पेनचा आठवड्याचा रीच २४,००० आहे. तीच फाइल दिवसवार उतरवून सात ओळींची बेरीज केली तर ती ५२,००० भरते असे समजू. इम्प्रेशन्स दोन्हीकडे ६०,०००च राहतात. आता एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली ते पाहा: ६०,००० भागिले २४,००० म्हणजे अडीच वेळा, आणि चुकीच्या बेरजेने भागले तर जेमतेम १.१५ वेळा. पहिल्या आकड्यावरून तुम्ही म्हणाल की लोकांनी जाहिरात पुरेशी पाहिली आहे, आता फोटो बदलावा. दुसऱ्यावरून म्हणाल की अजून कोणी दुसऱ्यांदा पाहिलीच नाही, आणखी पैसे लावावेत. चुकीची बेरीज फक्त अहवाल फुगवून थांबत नाही, ती पुढचा निर्णयही उलटा करते.

कॅम्पेनमध्येही हेच लागू होते. तिघींचे रीच २४,०००, २१,००० आणि ३०,००० आहेत. बेरीज ७५,००० येते. पण ॲड्स मॅनेजरमध्ये टेबलाच्या तळाशी जी एकूण ओळ असते तिथे रीच, समजा, ५८,००० दिसतो, कारण बऱ्याच दादरकरांना एकीहून अधिक कॅम्पेन दिसलेल्या असतात. एकूण रीच हवा असेल तर तो तिथूनच पाहून हाताने लिहावा. कोणत्याही सूत्राने तो निघत नाही. एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये कॅम्पेनचे नाव नसलेली एखादी ओळ दिसली तर ती बहुधा हीच एकूण ओळ असते. ती वेळीच ओळखली नाही तर खर्चाच्या बेरजेत सारे पैसे दोनदा मोजले जातात. एकूण खर्च बरोबर दुप्पट, म्हणजे १२,००० ऐवजी २४,००० आला, की हेच झाले आहे असे समजावे.

‘स्वच्छ’ शीटवर या रकान्याचे नाव मी ‘रीच_बेरीज_नको’ असे ठेवतो. सहकाऱ्यांना पहिल्यांदा हे नाव विचित्र वाटते, पण शीट तुमच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेल्यावर तुमची समज तिच्यासोबत जात नाही, फक्त शीर्षक जाते.

भागाकाराचे रकाने: ‘स्वच्छ’ शीटवर आणू नयेत, स्वतः काढावेत

एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली ते सांगणारा `Frequency`, हजार इम्प्रेशन्सचा भाव सांगणारा `CPM`, तसेच `CPC` आणि `CTR` हे सारे भागाकाराने आलेले आहेत. प्रत्येक ओळीत ते बरोबर असतात, म्हणूनच त्यांच्याबद्दल शंका येत नाही; गडबड होते ती ओळी एकत्र करताना. आपल्या तीन कॅम्पेनमध्ये लिंक क्लिक ६००, ४२० आणि ५० आहेत, म्हणजे एका क्लिकचा भाव अनुक्रमे ७, १५ आणि ३० रुपये. तिघांची सरासरी काढली तर १७ रुपये ३३ पैसे येते. पण एकूण १२,००० रुपयांत एकूण १,०७० क्लिक मिळाले आहेत, म्हणजे खरा भाव ११ रुपये २१ पैसे. सरासरीने अवघ्या पन्नास क्लिकच्या कॅम्पेनला सहाशे क्लिकच्या कॅम्पेनइतकाच मान दिला, म्हणून ती चुकली.

उपाय सोपा आहे. हे चारही रकाने ‘स्वच्छ’ शीटवर आणू नयेत आणि जे हवे असेल ते बेरजांवरून पुन्हा काढावे. खर्च `D` मध्ये, इम्प्रेशन्स `E` मध्ये आणि लिंक क्लिक `F` मध्ये असतील तर सूत्रे अशी होतात:

```
=IF(F2=0,"",D2/F2)
=SUM(D2:D4)/SUM(F2:F4)
=SUM(D2:D4)/SUM(E2:E4)*1000
```

पहिले सूत्र एका ओळीतल्या क्लिकचा भाव देते आणि क्लिक शून्य असतील तर चूक न दाखवता चौकट रिकामी ठेवते. दुसरे सूत्र तिन्ही कॅम्पेनचा मिळून क्लिकचा भाव देते आणि तिसरे हजार इम्प्रेशन्सचा. मूळ शीटवरचे मेटाने दिलेले भाव टाकून देऊ नयेत, ते ताळा करायला उपयोगी पडतात: तुमच्या पहिल्या सूत्राचे उत्तर त्याच ओळीतल्या मेटाच्या आकड्याशी जुळले नाही, तर बहुधा तुम्ही `Link clicks` ऐवजी `Clicks (all)` उचलला आहे.

जे निर्धास्तपणे सोडावे

`Campaign delivery` या रकान्यात `active`, `inactive` असे शब्द असतात. ही स्थिती तुम्ही फाइल उतरवली त्या क्षणाची असते, अहवालाच्या आठवड्यातली नव्हे. दिवाळीनंतर उतरवलेल्या फाइलमध्ये तिन्ही कॅम्पेन बंद दिसतील आणि वाचणारा विचारेल की मग खर्च कसा झाला. बजेटचे रकानेही असेच आजची स्थिती सांगतात. मधल्या बुधवारी तुम्ही रोजचे बजेट वाढवले असेल तर आधीचा आकडा इथे दिसत नाही, आणि बजेट दुसऱ्या पातळीवर ठेवलेले असेल तर आकड्याऐवजी `Using ad set budget` असे वाक्यच चौकटीत येते. `Ends` मध्ये कुठे तारीख, कुठे `Ongoing` हा शब्द, त्यामुळे त्यावर क्रमही नीट लावता येत नाही. हे सारे सोडावे.

ॲडच्या पातळीवर गेलात तर `Quality ranking` आणि त्याच्यासारखे आणखी दोन रकाने भेटतात. एखाद्या जाहिरातीचे दुखणे शोधताना ते उपयोगी पडतात, पण किमान ५०० इम्प्रेशन्स झाल्याशिवाय ते भरतच नाहीत, आणि ते शब्दांत असल्याने त्यांचा कोणताही हिशेब होत नाही. पहिल्या अहवालात त्यांना जागा नाही.

`Reporting starts` आणि `Reporting ends` प्रत्येक ओळीत तेच ते सांगतात. ते टेबलातून काढून वर शीर्षकात एकदाच लिहावेत, आणि त्यांच्या शेजारी फाइल उतरवल्याची तारीख आणि वेळ लिहावी. ती फाइलमधल्या कोणत्याही रकान्यात नसते, ती तुम्हालाच घालावी लागते. अलीकडच्या दिवसांचे निकाल नंतरही बदलू शकतात, त्यामुळे सोमवारी सकाळी उतरवलेली फाइल आणि गुरुवारी उतरवलेली फाइल एकाच आठवड्याबद्दल वेगळे बोलली, तर कोणती कधीची आहे हे त्या एका ओळीवरून कळते.

नावे बदलल्यावर

शेवटी ‘स्वच्छ’ शीटवर सात रकाने उरतात. मूळ नाव डावीकडे आणि नवे नाव उजवीकडे अशी यादी एका तिसऱ्या शीटवर लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणी हेच काम केले तरी नावे तीच राहतील:

```
Campaign name        → कॅम्पेन
Result indicator     → निकालाचा_प्रकार
Results              → निकाल_मेटानुसार
Amount spent (INR)   → खर्च_रु_करपूर्व
Impressions          → इम्प्रेशन्स
Link clicks          → लिंक_क्लिक
Reach                → रीच_बेरीज_नको
```

यादीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या जोडीचा क्रम बदलू नये. प्रकार आधी आणि आकडा नंतर, म्हणजे वाचणाऱ्याची नजर १४० वर पडण्याआधी ‘व्हॉट्सॲप संभाषण’वरून जाते. आपल्या उदाहरणात सगळ्या ओळींचे प्रकार वेगळे असल्याने ‘निकाल_मेटानुसार’ हेच नाव चालते. फक्त खरेदीच्याच कॅम्पेन असतील तर ते ‘खरेदी_मेटानुसार’ करावे आणि प्रकाराचा रकाना मग मूळ शीटवरच राहू द्यावा. `Landing page views` वेबसाइटच्या एकाच कॅम्पेनला लागू असल्याने मी तो टेबलात न घेता तिच्याबद्दलच्या टिपणात लिहितो.

अहवाल पाठवण्याआधी ॲड्स मॅनेजर पुन्हा उघडावा, तोच कालावधी निवडावा आणि तळाच्या एकूण ओळीतले तीन आकडे आपल्या शीटशी ताडून पाहावेत. खर्च आणि इम्प्रेशन्स जुळले पाहिजेत, आणि रीच तुमच्या तीन ओळींतल्या रीचच्या बेरजेपेक्षा कमी असला पाहिजे. खर्च जुळला नाही तर आधी तारखा पाहाव्यात, मग एकूण ओळ चुकून मध्ये आली आहे का ते पाहावे, आणि त्यानंतर एखाद्या फिल्टरमुळे बंद किंवा काढून टाकलेली कॅम्पेन टेबलात आली नाही का, ते पाहावे. बहुतेक वेळा फरक या तिघांपैकी एका ठिकाणीच सापडतो.